शुक्राचं घरगुती कारण

तलासरीच्या एका सरकारी कचेरीत निर्मलाबाई पेन्शनच्या फायली तयार करीत. बिनपगारी रजेला डॉक्टरचा दाखला असेल तर ती पेन्शनच्या सेवेत धरायची, नुसतं घरगुती कारण असेल तर वजा करायची, असा नियम होता. नियमाला कधी ना ताप चढतो, ना खोकला येतो.

त्या वर्षी दोघे निवृत्त होत होते. गोविंदरावांनी कंबरदुखीचा दाखला जोडून अकरा महिने नरपड गावातली आपली चिकूवाडी सांभाळली होती. ते सगळे महिने धरले गेले. शिपाई शुक्रा अकरा महिने क्षयाने अंथरुणाला खिळला होता, पण अर्जात त्याने ‘घरगुती कारण’ लिहिलं होतं. त्याचे महिने वजा झाले.

"शुक्राभाऊ, खरं का नाही लिहिलंत?" निर्मलाबाई करवादल्या.

"बाई, क्षय लिहिला असता तर माझ्या हातचं पाणी कचेरीत कोण प्यालं असतं?"

निर्मलाबाईंचा हात त्याने आणून ठेवलेल्या पाण्याच्या ग्लासावरच थबकला.

तेवढ्यात गोविंदराव चिकूंनी भरलेलं खोकं खांद्यावर घेऊन जिना चढून आले. शुक्रा सवयीने पुढे धावला.

"द्या इकडे, साहेब. तुमच्या कंबरेला दाखला आहे."