पिशवीत नसलेला दीड किलो

दादाला या व्यवहारात काय मिळणार होतं, ते आधी पाहू. घराच्या मागच्या खोलीतली दोन मोठी पातेली जाणार, गुडघ्यांना आराम मिळणार, आणि दिवसाला दोनशे बाटल्यांऐवजी एका घाण्यात दोन हजार निघणार. बाटलीवरचं नाव त्याचं, टोमॅटो सॉसची कृती त्याची, आणि तपासून ‘भरा’ म्हणायचा हक्क त्याच्या धाकट्या बहिणीचा. कारखान्यानं फक्त शिजवायचं आणि बाटल्या भरायच्या.

पहिला चाचणीचा घाणा झकास उतरला. दुसरा, विक्रीचा, आता कढईत रटरटत होता आणि बहीण आंबटपणा मोजायचं यंत्र तिसऱ्यांदा धूत होती.

“चार पूर्णांक तीन,” ती म्हणाली. “चारच्या वर गेलं तर आंबटपणा कमी. असला माल टिकायचा नाही.”

“यंत्र बिघडलं असेल,” दादा म्हणाला.

“मगाशीच ठरावीक आंबटपणाच्या दोन द्रवांत बुडवून बघितलं. दोन्हीकडे आकडा बरोबर आला.”

“मग टोमॅटो गोड असतील.”

“टोमॅटो पहिल्या घाण्याच्याच ट्रकचे आहेत, साहेब,” कारखान्याचा मॅनेजर म्हणाला. त्यानं कृतीचा कागद पुढे केला. प्रत्येक ओळीवर खूण, खाली वजन करणाऱ्याची सही. “तुम्ही लिहून दिलंत, ते ग्रॅमपर्यंत घातलंय. तुमच्या मसाल्याची पिशवीही सीलबंद आली, तशीच फोडली.”

आता तिघंही एकमेकांकडे बघू लागले. कागद बरोबर, पिशवी बरोबर, यंत्र बरोबर, आणि सॉस चूक.

“पिशवीत काय काय घातलंस?” दादानं हळूच विचारलं.

“तुझ्या कृतीच्या वहीत मसाल्याखाली आहे तेवढं. तुझं मनगट मुरगळलं म्हणून पहिल्यांदाच मी भरली ना.”

“आणि लिंबूसत?”

“ते मसाल्यात कुठंय? ते कारखाना घालतो. अडीच किलो.”

दादा मटकन स्टुलावर बसला.

तर झालं होतं असं. दुधानं तोंड कधी पोळलं नसतानाही ताक फुंकून पिणारा माणूस हा. कारखाना आणखी चार जणांचे सॉस करतो, कृती फुटायला नको, म्हणून दादानं कारखान्याला दिलेल्या कागदावर लिंबूसत एकच किलो लिहिलं होतं. उरलेला दीड किलो तो स्वतः दार लावून मसाल्याच्या पिशवीत मिसळायचा. हे कुणालाच सांगितलं नव्हतं. गुपित इतकं चोख ठेवलं की मनगट दुखताना त्याचं त्यालाही आठवलं नाही.

बहिणीनं कागद उचलला, एकचा आकडा वाचला आणि भावाकडे बघितलं.

“कारखान्यापासून लपवलंस ते कळलं. माझ्यापासून का?”

“तुझ्यापासून असं नाही गं. राहून गेलं.”

“दीड किलो राहून गेलं?”

मॅनेजर खाकरला. “साहेब, लिंबूसत आमच्याकडे भरपूर आहे. पण कागदावर नाही ते मी चिमूटभरही घालणार नाही. बदल लिहा, सही करा, पाच मिनिटांत होतं.”

लिहिलं की खरा आकडा मॅनेजरच्या फायलीत. दादानं चष्मा पुसला. घरून दुसरी पिशवी मागवता येईल का, विचारलं. दोन तास लागतील, बहीण म्हणाली. मॅनेजरला जरा बाहेर थांबायला सांगता येईल का, विचारलं. तो म्हणाला, “कढई माझी आहे, साहेब.” मग दादानं कागद दोनदा उलटा करून बघितला, जणू पाठीमागे तिसरी वाट छापलेली असेल. सॉस वाफेवर तसाच उकळत होता.

“अहो, गुप्ततेच्या करारावर आम्ही सही केलीय ना? तुम्हीच घेतलीत,” मॅनेजर म्हणाला.

“हो, ती घेतलीय,” दादा म्हणाला. ती सही घेऊन मग खोटा आकडा का दिला, हे त्याचं त्यालाच कळेना.

दीड तासानं त्यानं एकचे अडीच केले आणि सही केली. लिंबूसत पडलं. बहिणीनं यंत्र बुडवलं. तीन पूर्णांक आठ.

“घ्या,” दादा म्हणाला. “भरा आता.”

“थांब.” तिनं खांद्यावरच्या झोळीतून पहिल्या घाण्यातली मंजूर नमुन्याची बाटली काढली, शेजारी कढईतला सॉस पांढऱ्या बशीत ओतला. नमुना लाल होता. बशीतला विटकरीकडे झुकलेला.

“थोडासाच फरक आहे,” दादा म्हणाला.

“दीड तासाचा आहे.”

“घरचाच माल आहे ना?”

“म्हणूनच,” ती म्हणाली आणि तपासणीच्या फॉर्मवर ‘नामंजूर’ लिहून कागद त्याच्यापुढे सरकवला. “इथं मालकाची सही लागते.”

हिशेब असा झाला. कारखान्यानं दादाच्या कागदाप्रमाणे शिजवलं, म्हणून त्याचं काही गेलं नाही. उलट खरा आकडा फुकट मिळाला. बहिणीचा दिवस गेला, आणि पुढच्या पिशव्या भरण्याचं काम तिनं स्वतःकडे घेतलं, वहीसकट. घाणा आणि गुपित, दोन्हींची किंमत दादानं भरली, दुखऱ्या मनगटानं सही करून.