दोन ताटं

वेंगुर्ल्याच्या दवाखान्यात आहारतज्ज्ञ फक्त गुरुवारी यायच्या. किशोरीने काजूच्या कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि केसपेपरच्या रांगेत उभी राहिली. पिशवीत एक वही होती. आठवडाभर घरात कोण काय जेवलं ते तिने त्यात लिहून आणलं होतं.

तिचा नवरा अजय बंदरावर बर्फाच्या कारखान्यात कामाला होता. मे महिन्यात त्याच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली. वय त्रेचाळीस. तेव्हाच कोणीतरी तिला म्हणालं होतं, जेवणात चोथा नसला की असं होतं. ते वाक्य तिच्या डोक्यातून काही जाईना. सकाळी साडेसातला घर सोडायचं म्हणून ती वर्षानुवर्षं सगळ्यांचं चहा-पावावर भागवत आली होती.

आहारतज्ज्ञ ग्लेनिशा मॅडम वयाने लहान दिसत होत्या. त्यांनी वही शांतपणे वाचली.

"मासे रोज आहेत, ते चांगलंच आहे. पण माशात चोथा नसतो, आणि पांढऱ्या भातात, पावात फारच थोडा," त्या म्हणाल्या. "सकाळी वेळ नाही ना? मग रात्री चवळी नाहीतर कुळीथ भिजत घाला, सकाळी कुकरला लावा. मुलांच्या डब्यात उसळ आणि नाचणीची भाकरी. पाव आठवड्यातून दोनदाच. तांबड्या माठाची भाजी, शेवग्याचा पाला, पेरू सालीसकट. मात्र एकदम नको, दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा, आणि पाणी भरपूर. नाहीतर पोट फुगेल."

किशोरी भराभर लिहून घेत होती. चौदा वर्षांची दिव्या आणि नऊ वर्षांचा देवेश, दोघांचे रकाने भरले. मग तिने तिसरा रकाना आखला, अजयचा.

"यांना आम्ही सुरू केलंच आहे, मॅडम. दोन वेळा भाकरी, उसळ, रात्री इसबगोल. आठ दिवस झाले. कळा येतात, पण ते पोट साफ व्हायला लागलंय म्हणून असेल."

ग्लेनिशाची मान वर झाली. "यांचे कागद आहेत?"

कागद होते. मॅडमनी स्कॅनचा रिपोर्ट दोनदा वाचला आणि खुर्ची जवळ ओढली. मग त्या घरच्या बोलीत बोलल्या.

"ताई, आतडा गाठीन अरुंद झालाहा. थंय चोथा अडकता. ह्यांका भाकरी, उसळ, इसबगोल कायच द्यायचा नाय. आजपासून."

किशोरीला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तिने हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

"म्हणजे मीच..."

"नाय. तुमका कोणी सांगलाच नाय. ह्यात तुमचो दोष नाय."

"आणि त्या पावांमुळे?"

ग्लेनिशाने वही मिटून बाजूला ठेवली. "चोथा खाल्ल्याने धोका थोडा कमी होतो. पण रोज भाकरी खाणाऱ्यांनाही ही गाठ होते. अमक्याचं कशामुळे झालं, ते कोणालाच सांगता येत नाही."

किशोरीला यापेक्षा जास्त काहीतरी हवं होतं. ते त्यांच्यापाशी नव्हतं.

मॅडमनी तिच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला, अजयला त्याच दिवशी दाखवायला सांगितलं. मग दुसरा कागद घेतला. मऊ पांढरा भात, गाळलेली पेज, काटे काढलेला मासा, थोडं थोडं आणि चावून. पोट फुगलं, उलट्या झाल्या, वारा सरेना, तर थेट इस्पितळ. आणि मुलांसाठी शेवटी एक ओळ : वडिलांना झालं त्या वयाच्या दहा वर्षं आधी, म्हणजे तेहतिसाव्या वर्षी, आतड्याची तपासणी, विसरायची नाही.

त्यानंतर त्या घरात दोन प्रकारची ताटं वाढली जाऊ लागली. मुलं भाकरी-उसळ खायची. देवेश कुरकुरत, दिव्या निमूटपणे. अजयपुढे पातळ, पांढरं काहीतरी असायचं. कळा थांबल्या. आजार मात्र आधीच यकृतात पसरला होता, तो औषधांनीही थांबला नाही.

दिवाळीनंतर एका दुपारी तो म्हणाला, "माका भाकरी व्हयी. एक घास दी गो."

"पोटात दुखात."

"दुखांदे."

तिने दिली नाही. वाटीत पेज आणली. तो हसला आणि दोन चमचे प्याला. त्यानंतर तेराव्या दिवशी तो गेला.

जानेवारीत देवेशला घेऊन ती परत गुरुवारी आली. मुलाचं वजन चांगलं होतं, पोट रोज साफ होत होतं. त्याला बाहेर बसवून तिने ग्लेनिशाला त्या घासाचं सांगितलं.

"एका घासान काय झाला असता?"

ग्लेनिशाने खोटं सांगितलं नाही. "कदाचित कायच नाय. कदाचित रातभर कळा."

"मग मी बरोबर केलंय?"

"तुम्ही त्यांका दुखू नये म्हणून केलास."

किशोरीने पदराने डोळे पुसले. मग वही उघडली आणि विचारलं, देवेश चवळीला कंटाळलाय, तिच्याऐवजी दुसरं काय चालेल?