सगळ्यात वरची पट्टी

आमची कंपनी पाण्याचे फिल्टर विकते आणि किती विकले याचे आलेख मी काढते. माझ्या आलेखात चूक काढायला या, असं मी चारचौघांत म्हणत असे. जीभ फारच लांब होती माझी.

विभाग चार, तिमाह्या चार. दर तिमाहीचा एकच स्तंभ आणि त्यात विभाग एकावर एक रचलेले. सगळ्यात जुना उत्तर विभाग तळाला, मग दक्षिण, मग पश्चिम आणि नवखा पूर्व सगळ्यात वर. ज्येष्ठतेप्रमाणे! गर्दी नको म्हणून आकडे लिहिले नव्हते. साहेबांनी तो आलेख बघून पूर्वेचं नावच ‘झोका’ पाडलं. एक तिमाही वर, एक खाली. मीही हसले होते.

सोमवारी निरोप आला, झोका बंद. पूर्वेचं ऑफिस पश्चिमेत विलीन करायचं, गुरुवारच्या बैठकीत शिक्कामोर्तब.

पूर्वेचे प्रमुख, ज्यांना सगळे दादा म्हणतात, बुधवारी माझ्या टेबलाशी आले. “ताई, आम्ही दर तिमाहीला वाढतोय. झोका कसले आम्ही?”

“दादा, आकडे कुणाचे लाड करत नाहीत,” मी फणकारले आणि तेच दाखवायला आकडे उघडले. पूर्व: बारा, चौदा, सतरा, एकोणीस हजार नग. उत्तर: साठ, अठ्ठेचाळीस, त्रेसष्ट, पंचेचाळीस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दक्षिण आणि पश्चिम जवळपास स्थिर. हलत होता तळाचा उत्तर विभाग, आणि त्याच्यासोबत सगळ्यात वरची पूर्वेची पट्टी वर-खाली होत होती. पट्टी जाड होत चाललेली कुणी बघितलीच नाही, सगळे तिची वरची कड बघत राहिले.

मग मी स्तंभ सुटे करून शेजारी-शेजारी उभे केले. आधी तिमाहीवार. त्यात त्या-त्या तिमाहीत कोण मोठं ते कळलं, पण एका विभागाचं वर्ष बघायला डोळ्यांना चार उड्या माराव्या लागत होत्या. म्हणून उलटं केलं: विभागवार गट, प्रत्येकात चार तिमाह्या. पूर्वेचा छोटासा जिना लगेच दिसला.

“खालचा भाग कापून आलेख दहा हजारांपासून सुरू केला तर आमची वाढ जरा मोठी दिसेल,” दादा हळूच म्हणाले.

“शून्यापासूनच. आहे तेवढीच दिसेल.”

गुरुवारी साहेबांनी पडद्यावर उत्तरेच्या चार स्तंभांवरून बोट फिरवलं. “अरे, झोका तर उत्तर आहे!” विलीनीकरण रद्द झालं.

बाहेर मी दादांचं अभिनंदन केलं. ते हसले नाहीत.

“ऑफिस बंद होणार म्हणून आमच्या दोघी विक्री प्रतिनिधींनी मंगळवारीच दुसरीकडे नोकरी धरली. एकोणीस हजारांतले सात हजार नग त्या दोघींनी विकले होते, ताई.”

पुढच्या तिमाहीत पूर्वेचा स्तंभ खाली येईल. तो मलाच काढायचा आहे, आणि या वेळी तो अगदी बरोबर दिसेल.