तांबडी फेज

सावळाराम आबांचे उभे आयुष्य विहिरीवरच्या मोटरीने घडवले होते. निमगाव सावाच्या त्यांच्या मळ्यात, पत्र्याच्या खोपीत, स्टार्टरच्या पेटीवर तीन बारीक दिवे होते: तांबडा, पिवळा आणि निळा. तिन्ही पेटले म्हणजे विजेच्या तिन्ही फेज आल्या, आता खुशाल बटण दाबा. एक जरी विझला तरी हात मागे घ्या, नाहीतर मोटर जळालीच म्हणून समजा. हा नियम त्यांनी इतकी वर्षे पाळला होता, की पेटलेला दिवा दिसला की त्यांच्या चेहऱ्यावर आपोआप समाधान पसरे.

हे समाधान त्यांची सून अश्विनी हिला आज महागात पडू पाहणार होते.

अश्विनीने मळ्याच्या कडेला जाळीखाली रोपवाटिका उभी केली होती. टोमॅटोची रोपे ट्रेमध्ये वाढवायची आणि जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्यांना पोचवायची, असा तिचा धंदा. पोचवायला घरची पिकअप होती. पण पिकअपवर हक्क भगवंतचा. भगवंत हा गावातला ड्रायव्हर. तो मोकळा असला तर रोपे जात, नसला तर पिवळी पडत. अश्विनीचा नवरा अमृत चाकणला कारखान्यात. त्याच्या सुट्टीवर धंदा चालत नाही. म्हणून तिने आळेफाट्याच्या ड्रायव्हिंग क्लासमध्ये जाऊन परवाना काढला होता आणि घरात विषय मांडला होता. आबांनी बराच विचार करून निकाल दिला होता.

"कळंबला बाळासाहेबाची रोपं पोचव. मी शेजारी बसतो. गाडी धड नेलीस नि धड आणलीस, तर किल्ली तुझी. न्हाईतर भगवंत हायेच."

बाळासाहेब हे आंबेगाव तालुक्यातले जुने गिऱ्हाईक. त्यांनी लागवडीला बायका सांगून ठेवल्या होत्या आणि उन्हाळा तोंडावर होता. रोपे वेळेत आणि टवटवीत पोचायला हवी होती.

सासूबाईंनी, ठकूबाईंनी, बॉनेटला हळदकुंकू लावले. आबा पांढरी टोपी सारखी करून शेजारच्या सीटवर बसले. अश्विनीने किल्ली अर्धी फिरवली, तसे डॅशबोर्डवर रंगीबेरंगी दिवे लखलखले. आबा खूश झाले.

"आल्या! सगळ्या फेज आल्या. मार स्टार्टर."

इंजिन सुरू झाले, हँडब्रेक खाली गेला आणि दिवे एकामागून एक विझले. आबांनी डॅशबोर्डवर हात आपटला.

"बंद कर, बंद कर! फेज गेल्या! जळंल की मशीन!"

"आबा, हे विझायलाच पायजेत. किल्ली दिल्यावर गाडी फक्त दाखवती, की दिवे शाबूत हायेत. नंतर ज्याचं काही बिघडंल, त्याचाच दिवा लागतो."

"उलटा कारभार हाय मग ह्यो."

"हिरवा लागला तर नुसती खबर. दिवे चालू हायेत, सिग्नल दिलाय, एवढंच. पिवळा लागला तर जपून चालवायची, पण गाडी लवकर दाखवून घ्यायची. आन् तांबडा लागला, तर जागा बघून थांबायचंच."

"निळा?"

"तो पुढच्या दिव्यांचा. लांबचा झोत."

"लाव बरं."

भर सकाळच्या उन्हात लांबचा झोत कशाला, हे विचारण्यात अर्थ नव्हता. अश्विनीने दांडी ढकलली, निळा दिवा पेटला, आबांनी मान डोलावली, तिने तो पुन्हा बंद केला आणि गाडी गावाबाहेर काढली.

नारायणगावपर्यंतचा रस्ता सुखाचा गेला. दुतर्फा ऊस आणि द्राक्षाचे मांडव होते. आबा प्रत्येक शेताची जन्मकथा सांगत होते. अश्विनी गिअर बदलत होती, आरशात बघत होती आणि मनातल्या मनात आपले गुण मोजत होती. हायवेला लागून थोडे अंतर गेले नाही तोच डॅशबोर्डवर पिवळा दिवा उगवला, छोट्याशा इंजिनाच्या चित्राचा.

तिने आरसा पाहिला, पायाचा दाब किंचित कमी केला आणि कान दिला. आवाज नेहमीचा होता. ओढ कमी झाली नव्हती, धूर नव्हता, दिवा स्थिर होता; लुकलुकत नव्हता.

"आली एक," आबा म्हणाले. "पिवळी."

"आबा, ही फेज न्हाई. इंजिनाचं काहीतरी दुखतंय. पण लगेच मरत न्हाई. सावकाश जाऊ, रोपं उतरवू, उद्या गाडी गॅरेजवाल्या धम्मपालभाऊंना दाखवू."

"भगवंत असता तर ह्या दिव्याकडं बघितलंबी नसतं."

"म्हणूनच त्याच्या हातात गाडी दोनदा वाटंत ऱ्हायली."

दोन्ही वेळा गाडी ढकलायला आबाच होते.

कळंब जवळ आले. पुढे चढ दिसू लागला आणि त्याच वेळी दोन गोष्टी एकदम घडल्या. स्टेअरिंग एकाएकी जड झाले, जणू चाके चिखलात रुतली असावीत. आणि पिवळ्या दिव्याच्या शेजारी तांबडा दिवा पेटला, बॅटरीच्या चित्राचा.

"आली!" आबांचा चेहरा खुलला. "तांबडीबी आली! आता त्यो निळा लाव, म्हंजे झाल्या तिन्ही. दाब पाय, चढ लागलाय."

अश्विनीने डावा सिग्नल दिला.

"अगं, थांबतीस का? गाडी तर पळतीय की!"

"तांबडा हाय, आबा."

"बॅटरीचा हाय त्यो! चित्र मला बी दिसतंय. गाडी चालू व्हायला बॅटरी लागती, चालू झाल्यावर तिचं काय काम? कळंब हे इथंच हाय. बाळासाहेबाच्या बाया खोळंबल्यात!"

मुद्दा मुळीच वेडगळ नव्हता. इंजिन छान घुमत होते. मागे ट्रेमधली रोपे जाळीखाली डुलत होती आणि थांबलेल्या गाडीत ती उन्हाने माना टाकणार होती. थांबली, तर परीक्षेत नापास. नाही थांबली आणि काही झाले नाही, तर किल्ली तिची. पण क्लासमधल्या सरांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घोटून घेतली होती: तांबड्याशी वाद घालायचा नाही, आधी थांबायचे, मग कारण शोधायचे. रस्त्याच्या कडेला एक कडुलिंब होता. तिने दोन्ही हातांनी जड स्टेअरिंग ओढत गाडी त्याच्या सावलीत घेतली, इंजिन बंद केले, हँडब्रेक ओढला आणि चारी सिग्नल एकदम लावले. डॅशबोर्डवर दोन हिरवे बाण टकटक करू लागले.

"हिरवं लागलं," आबा कडवटपणे म्हणाले. "ह्यो कशाचा?"

"मागच्या गाड्यांना सांगतोय, की आमी उभे आहोत."

"ते मी वरडून सांगितलं असतं."

तेवढ्यात बाळासाहेबांचा फोन आला. आबांनी तो उचलला आणि सून शेजारी बसलेली नाहीच अशा थाटात बोलले, "आलो, आलो, हितंच हाय. दिवा लागला म्हनून उभी केलीय. न्हाई, पंक्चर न्हाई. दिवा! आता काय सांगू राव, गाडी चांगली हाय, ड्रायव्हर घाबरलाय."

अश्विनीने ऐकले. तिचे कान तापले. पाण्याचा कॅन काढून तिने ट्रेवर पाणी शिंपडले, जाळी नीट ओढली, मग बॉनेट उघडून टेकू लावला. हात कुठेही न लावता ती वाकून बघू लागली. आबाही मागोमाग आले. निदान चूक काढायला तरी.

बघता बघता त्यांचा हात टोपीकडे गेला.

इंजिनाच्या पुढच्या बाजूला काळ्या रबरी पट्ट्याचे तुकडे लोंबत होते. त्याच्या चिंध्या कप्प्यांमध्ये अडकल्या होत्या.

"पट्टा तुटलाय," आबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम बदलला. विजेची मोटर येण्याआधी मळ्यात डिझेलचे इंजिन होते आणि त्याचा पट्टा बापाबरोबर त्यांनीच चढवला होता. "ह्यो पट्टा काय काय फिरवतो गं?"

"बॅटरी भरणारा डायनामो. स्टेअरिंगचा पंप, म्हणून ते जड झालं. आणि हा," तिने बोट न टेकवता दाखवले, "इंजिनात पाणी फिरवणारा पंप."

आबा त्या कप्पीवर वाकले.

"आमच्या इंजिनाचा पट्टा पडायचा," ते सावकाश म्हणाले. "इंजिन आपलं धडधडायचं, लांबून वाटायचं झकास चाललंय. पाटात बघावं तर पाण्याचा थेंब न्हाई." त्यांनी कप्पीकडे बोट केले. "म्हंजे हितं पाणी फिरत न्हाई. नि आपण चढ चढणार व्हतो."

"हो."

"लई तापलं असतं."

"तापलं असतं. मग तापमानाचाबी तांबडा लागला असता, पण तवर उशीर झाला असता."

आबांचा हात सवयीने रेडिएटरच्या झाकणाकडे निघाला. अश्विनीने मनगट धरले. "ते नगं, आबा. गरम पाणी उसळंल तोंडावर. थंड हुईस्तोवर झाकण उघडायचं न्हाई."

आबांनी हात मागे घेतला, आणि तो मागे घेण्याची रीत अगदी स्टार्टरपुढची होती.

धम्मपाल बोरी बुद्रुकचा. त्याचे गॅरेज आळेफाट्याला. अश्विनीकडून फोनवर पिकअपचे मॉडेल ऐकून तो नवा पट्टा घेऊन मोटारसायकलवर आला. चिंध्या काढताना त्याने विचारले, "दिवा लागल्यावर किती लांब आणली?"

"ह्या झाडापर्यंत," आबांनीच उत्तर दिले. "मी म्हनत व्हतो, ने पुढं."

"बरं झालं, वहिनींनी तुमचं ऐकलं न्हाई. चढावर इंजिन उकळलं असतं, त्याचं वरचं झाकण, हेड, वाकलं असतं. मग मला पट्टा न्हाई, क्रेन आणायला लागली असती."

"एवढं सगळं त्या बॅटरीच्या चित्रात?"

"चित्रात न्हाई आबा, रंगात. चित्र सांगतं कुठं दुखतंय, रंग सांगतो किती वेळ हाय."

पट्टा बसला, ताण तपासला गेला, इंजिन सुरू झाले आणि तांबडा विझला. पिवळा मात्र तसाच राहिला. धम्मपालने ओढ आणि आवाज तपासला. "चालंल. सावकाश चालवा आन् उद्या आणा. तपासायचं मशीन लावून बघतो, दिवा काय म्हणतोय."

बाळासाहेबांच्या रानात रोपे उतरली, तेव्हा थोडी सुस्तावली होती. पण पाणी मिळताच सावरतील, असे लागवडीच्या बायकांनीच सांगितले. बाळासाहेबांनी विचारले, "घाबरलेला ड्रायव्हर कुठाय?" आबांनी चहाच्या कपात तोंड घातले.

परतताना अश्विनीने गाडी रस्त्यावर घेतली न घेतली, तोच आबा ताठ झाले.

"थांब! तांबडा!"

तिने लगेच गाडी कडेला घेतली. खरेच, एक तांबडे चित्र पेटले होते. तिने ते पाहिले आणि ओठ दाबून हसू आवरले. "आबा, दाराचा हाय. तुमचं दार नीट लागलं न्हाई."

आबांनी दार उघडून धाडकन ओढले. दिवा विझला. त्यांनी विझलेल्या जागेकडे तृप्त होऊन पाहिले आणि खिशातून फोन काढला.

"भगवंता? उद्याच्याला येऊ नगंस. न्हाई, गाडी ठीक हाय. ड्रायव्हर मिळाला." पलीकडून काहीतरी विचारणा झाली. "घरचाच हाय. तांबडा बघून थांबतो, एवढं पुरे."

फोन ठेवून त्यांनी पिवळ्या दिव्याकडे बोट केले. "नि ह्यो?"

"ह्यो उद्याचा."

"उद्या म्हंजे उद्याच," आबा म्हणाले. "मी सकाळीच दारात उभा ऱ्हातो."