एकदा वळलेले खिळे

सरळ केलेला खिळा नव्यासारखा दिसला पाहिजे, असा बयाबाईचा हट्ट होता. सांगलीच्या त्या पंपाच्या कारखान्यात पेट्या ठोकायची एक छपरी होती. तिथं ती एका लोखंडी ठोकळ्यापुढं बसे आणि जुन्या पेट्यांतून उपटलेले वाकडे खिळे हातोडीनं सरळ करी. लढाईला चौथं वर्ष लागलं होतं. नवा खिळा मिळणं म्हणजे वाघिणीचं दूध झालं होतं. त्यामुळं एरवी भंगारात जायचे ते खिळे बयाबाईच्या हातून पुन्हा कामाला लागत. हळूच ठोकायचं, फिरवायचं, पुन्हा ठोकायचं, वर तेलाचा बोळा फिरवायचा. बघणारा म्हणावा, आत्ताच दुकानातून आणला. कारखान्यातल्या बाया तिला चिडवायच्या, की बये, तुझ्या हातात कुणी म्हातारा दिला तरी तू त्याला बोहल्यावर उभा करशील.

पेट्या ठोकी गुंडा सुतार. उंब्रजचा माणूस, तोंडानं फाटका, पण कामात एक सूत इकडचं तिकडं होऊ द्यायचा नाही. पंप सहा मणांचा. त्याच्या पेटीला तळाशी दोन लांब दांडे असत, दोन्ही टोकांना बाहेर आलेले, म्हणजे चार हमालांनी चार टोकं धरून पालखीसारखी पेटी उचलायची. दांडा दीड इंच, तळाची फळी एक इंच, म्हणून खिळा तीन इंची. फळीच्या खालून मारायचा, तो दांड्याच्या वर अर्धा इंच निघायचा. ते निघालेलं टोक लाकडाच्या रेषांना आडवं वळवून बसवायचं. रेषेच्या बाजूनं वळवलं तर ते लाकडात गुळगुळीत बसतं, दिसायलाही छान दिसतं, पण ओढ पडली की रेष चिरत निसटतं. दर फळीला प्रत्येक दांड्यावर दोन खिळे, तेही एका ओळीत नाही, मागंपुढं, कडेपासून इंचभर आत, नाहीतर दांडा चिरतो. खिळ्याची अणीसुद्धा ठोकून बोथट करायची.

हे गुंडानं तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, आणि एक गोष्ट बजावून सांगितली होती. पेटी उचलली की फळ्या त्या दांड्यांना लोंबतात, सगळा भार खिळ्याच्या वळलेल्या टोकावर येतो. म्हणून एकदा वळलेला खिळा तळाला चालायचा नाही. तो सरळ होतो, पण वळणापाशी आतून दुखावलेला असतो. त्याला पुन्हा वळवलं की तो मोडतो, आज नाहीतर उद्या. तसले खिळे वरच्या झाकणाला. त्यासाठी दोन डबे होते. तळाचा, त्यात मोजके नवे खिळे, आणि झाकणाचा, त्यात बयाबाईनं सरळ केलेले.

श्रावणात एके दिवशी तळाच्या डब्यात आठदहा खिळे कमी पडले. लष्कराचा माल होता, वॅगन दुपारी लागणार होती. मुकादम चिंतामणराव दारात घड्याळ बघत उभे होते. तसा भला माणूस, पण घाई झाली की ओरडायचा. बयाबाईनं झाकणाच्या डब्यातले दहा खिळे उचलले आणि तळाच्या डब्यात टाकले. इतके सरळ झाले होते ते, की तिला स्वतःलाच वाटलं, ह्यांना काय धाड भरलीय? गुंडाला ओळखू आले नाहीत. त्यानं ठोकले, वळवले. पेटी गेली.

तिसऱ्या दिवशी मिरजेहून खबर आली. मोठ्या रुळांच्या गाडीतून छोट्या रुळांच्या गाडीत माल चढवताना पंप खाली आला. पुढच्या एका टोकाचा हमाल सिद्धू त्याखाली सापडला, आणि दोन दिवसांनी इस्पितळात वारला. बाकीच्या तिघांनी जबाब दिला, की सिद्धूनं हात सोडला. कागदावर तसंच लागलं. सगळ्यांनी हळहळ केली आणि म्हणाले, बिचारा, पण चूक त्याचीच.

फुटलेली पेटी छपरीत परत आली. रिवाजाप्रमाणं तिचे खिळे सरळ करायला बयाबाईपुढं ओतले.

तीन कोपऱ्यांचे खिळे वाकले होते, ताणले होते, पण त्यांची वळलेली टोकं शाबूत होती. पुढच्या एका कोपऱ्यातल्या दहा खिळ्यांना टोकंच नव्हती. तिनं एक उचलून उजेडात धरला. तुटलेल्या जागी अर्धा भाग काळा गंजलेला, अर्धा चकचकीत. म्हणजे अर्धी चीर जुनीच होती. आपण सरळ करताना ती आत होती आणि आपण वरून तेल लावलं, हे तिला कळलं. पेटी खाली पडून टोकं तुटली नव्हती. टोकं आधी तुटली, मग पेटीचा तळ सुटला. सिद्धूनं काहीच सोडलं नव्हतं.

तिनं गुंडाला दाखवलं आणि डब्यांचं सगळं सांगितलं. ओरडेल म्हणून ती खाली बघत उभी राहिली. गुंडानं खिळा बोटांत फिरवून तुटलेली जागा बघितली.

“मला वळकू आला न्हाई, बया,” तो म्हणाला. “तुजा हातच तसा. आन मी तरी वळवताना बोट फिरवून बगाय पायजे हुतं.”

दोघं चिंतामणरावांकडं गेली. त्यांनी ऐकून घेतलं, दार लावलं. म्हणाले, कागद मिटलाय, आता उकरून तो माणूस परत यायचा नाही, उलट तुमच्या दोघांच्या पोटावर पाय यायचा. ते काही खोटं बोलत नव्हते. बयाबाईच्या घरी सासू होती, दोन पोरी होत्या. तरी तिनं विचारलं, मला मिरजेला जायला एक दिवस सुट्टी द्याल का? चिंतामणराव म्हणाले, जा. मग म्हणाले, मी पण पोलीस ठाण्यात नवा जबाब लिहून देतो. काय व्हायचं ते होऊ दे.

मिरजेला हमालांच्या चाळीत सिद्धूची बायको साळूबाई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. कपाळ मोकळं. बयाबाई समोर जमिनीवर बसली. वाटेत तिनं पुष्कळ शब्द जुळवले होते. एकही आठवला नाही.

“तुज्या मालकानं हात सोडला न्हाई,” ती म्हणाली. “तळाचं खिळं तुटलं. ते मी दिल्यालं हुतं. मला ठावं हुतं, तसलं खिळं द्याचं न्हाईत. तरी दिलं.”

साळूबाईनं सूप खाली ठेवलं. आता ही केस धरणार, शेजारपाजार गोळा होणार, असं बयाबाईला वाटलं. धरावेत, असंही वाटलं. पण साळूबाई तिच्याकडं बघतच नव्हती.

“दोन दिस त्यो त्येच म्हणत हुता,” साळूबाई म्हणाली. “मी हात सोडला न्हाई, साळू, मी हात सोडला न्हाई. सारकं तेच. शेवटाला मीच त्येला म्हणलं, आवं, आसूंद्या, चुकतंय मानसाचं, आता गप पडा. मग त्यो गप पडला. पुना बोललाच न्हाई.”

तिनं पदर तोंडाला लावला आणि पहिल्यांदाच मोठ्यानं रडली. बयाबाईनं तिला हात लावला नाही. तो हक्क आपला नाही, एवढं तिला कळत होतं. ती तशीच समोर बसून राहिली, आणि तिन्हीसांजेची गाडी निघून गेली तरी उठली नाही.