परड्यावरचं आभाळ

लेक लालासाहेब बावीस वर्षांची फौज संपवून हवालदार म्हणून घरी येणार, हे कळलं त्याच दिवशी साळूबाईनं ठरवून टाकलं, की मिरवणूक वरनं, ड्रोननं टिपायची. खालनं काय, कुणीही टिपतं. गेल्या साली वरच्या आळीचा जवान निवृत्त होऊन आला तेव्हा उघडी जीप झाली, हलगी झाली, जेसीबीतनं फुलं उधळून झाली. वरनं मात्र काही निघालं नव्हतं. साळूबाईनं तेवढं बरोबर हेरून ठेवलं होतं.

शिवाय तिच्या पोटात आणखी एक गोष्ट होती. असली मिरवणूक भावकीच्या दारादारात थांबते आणि घरची बाई ताट घेऊन जवानाला ओवाळते. तिची धाकटी जाऊ हरणाबाई गेले सहा महिने कुणाच्या दारात आली नव्हती. जागरण-गोंधळाला नाही, बारशाला नाही. वाटेत दिसली तर कपाळापर्यंत पदर आणि खाली मान. दर पंधरा-वीस दिवसांनी नवरा आकाराम तिला घेऊन मिरजेला लेकीकडं जायचा. "लेकीचं एवढं कसलं येड लागलंय म्हातारपणी?" असं साळूबाई चारचौघांत बोलूनही बसली होती. उद्या सख्ख्या पुतण्याची जीप दारात येईल आणि हरणीचं दार बंद असेल, ते वरनं दिसलं पाहिजे. पिच्चरमध्ये कायमचं राहिलं पाहिजे.

ड्रोनवाली माधवनगरहून आली. सव्वीस वर्षांची रुमाना. अंगात पांढरा कुर्ता, डोक्यावर ओढणी, पाठीला भलीमोठी बॅग.

"पोरगीच की गं," साळूबाई तिला आपादमस्तक बघत म्हणाली. "किती लग्नं उडवलीस आजवर?"

"लग्नं दोन आजी. मिरवणूक पहिलीच."

"म्हंजी शिकायला आमीच घावलो व्हय!"

रुमाना हसली. तिनं मशीन बाहेर काढलं आणि त्याच्या पोटावरचा नोंदणीचा नंबर दाखवला. पैसे घेऊन उडवायचं तर पायलटचं लायसन लागतं, तेही दाखवलं. गावाच्या पोलीस पाटलाला आणि ठाण्याला कळवलं होतं, सरपंचाची सही आणली होती. मग फोनवर नकाशा उघडला. गाव हिरवं होतं, औंधच्या बाजूला मात्र लाल गोल.

"हिरव्यात एकशेवीस मीटरपर्यंत चालतंय. तिकडं हेलिकॉप्टर उतरणार हाय, म्हणून एसपी साहेबांनी दोन दिवस लाल केलंय. मिरवणुकीआधी तिथल्या देवीच्या दर्शनाला जाणार, तो भाग उडवता येणार न्हाई."

"आगं, माझ्या पोरानं बावीस वरसं सरहद्द राखली. त्याला देवीफुडं जायला हेलिकाप्टरची परवानगी?"

"त्यास्नी जायला न्हाई आजी. माझ्या मशीनला."

मिरवणूक उद्या असली तरी आजच घरी पोचलेला लालासाहेब ओसरीवर बूट काढत म्हणाला, "बराबर बोलतीया ती. लाल म्हंजी लाल. आमच्या तिकडं असं कुणी उडवलं असतं तर खाली पाडलं असतं."

साळूबाईचा पोरगाच फितूर झाला म्हटल्यावर देवी राहिली.

मग बॅटऱ्या. तीन होत्या. खोक्यावर तीस मिनिटं लिहिलंय, पण वारा असला की वीसच धरायची, आणि तीस टक्क्याला खाली घ्यायचीच, असं रुमानानं सांगितलं. पहिली वेशीवरच्या स्वागताला. दुसरी चौक आणि भावकीच्या गल्लीला. तिसरी साळूबाईच्या दारातल्या ओवाळणीला. "दिवसा तुमच्या गावात लाईट नसती, मधी चार्ज करता येणार न्हाई. एक जरी वाया गेली तरी एक जागा जाणार." आणि शेवटची गोष्ट तिनं जरा चाचरत सांगितली, "गर्दीच्या डोसक्यावर मी उडवत न्हाई, बाजूनं उडवते. आणि लोकांच्या परसात कॅमेरा नेत न्हाई. त्यांनी हो म्हटल्याबिगर."

"बरं बरं," साळूबाई म्हणाली. कान देऊन ऐकणाऱ्यातली ती नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला गाव वेशीकडं निघालं. सून दीपमाला ताटं घेऊन पुढं गेली. घरात साळूबाई आणि रुमाना, दोघीच उरल्या. रुमाना अंगणात मशीन ठेवून पंखे तपासत होती.

"एकदा उडवून दाव की. मला बघू दे गल्ली कशी दिसती."

"आजी, बॅटरी..."

"दोन मिन्टं गं. आमच्या घरावरनं. माझ्या घरावरनं उडवायला कुणाला इचारायचं हाय?"

मशीन घोंगावत वर गेलं. रुमानाच्या फोनवर साळूबाईचं घर आगपेटीएवढं झालं. पत्रा, पाण्याची टाकी, शेणी, बांधलेली म्हैस. साळूबाई पडद्याला नाक लावून बघू लागली. बावन्न वर्षं ती ह्या घरात होती, पण त्याचा माथा तिनं आज पहिल्यांदा पाहिला. दोनाची दहा मिनिटं झाली, मग तिनं बोट ठेवलं. "हिकडं घे. त्या भिताडापलीकडं."

"ते कुणाचं घर?"

"आमचंच."

"मालकास्नी इचारलंय?"

"मालक मीच. एकच परडं हाय ते. घे म्हणते ना!"

खोटं म्हणावं तर खोटं, खरं म्हणावं तर वीस वर्षांपूर्वी घरामागचं ते परडं खरंच एक होतं. मधली भिंत वाटणीनंतरची. रुमानानं रिमोटवरची काठी हळूच पुढं दाबली. भिंत सरकली. पलीकडं न्हाणी दिसली. आपल्याकडं न्हाणीला भिंती असतात डोक्याएवढ्या, एखादं फ्लेक्स, जुनं लुगडं. रस्त्यावरनं जाणाऱ्याला काही दिसत नाही. छप्पर कुणी घालत नाही, कारण वर फक्त आभाळ.

न्हाणीशेजारी उन्हात एक बाई बसली होती. पाठमोरी. पाखडलेल्या तांदळाच्या सुपासारखं काहीतरी पांढरं, गोल, चकाकत होतं.

"जवळ घे," साळूबाई म्हणाली.

रुमानानं कॅमेरा खाली कलवला आणि जवळ घेतलं.

ते डोकं होतं. एकही केस नसलेलं. गुळगुळीत, कानामागं निळसर शिरा. मांडीवर टॉवेल. मशीनचा आवाज आला असावा, कारण बाईनं मान वर केली. भुवया नव्हत्या. डोळे होते. ते डोळे साळूबाई ओळखत होती, लग्नाच्या मांडवात बाशिंगाखाली बघितल्यापासनं.

हरणाबाई एक क्षण नुसती वर बघत राहिली. मग तिनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं. पदर सापडेना. पदर सापडेना म्हणून ती तशीच वाकून भिंतीला चिकटली.

साळूबाईनं मनात हिशोब लावला. सहा महिने. मिरज. लेक नव्हे, दवाखाना. आणि आपण चारचौघांत काय बोललो होतो.

रुमानानं मशीन झटकन मागं घेतलं, उतरवलं, पंखे थांबवले. "आजी, तुमी म्हणालात तुमचं घर हाय."

साळूबाई उंबऱ्यावर बसली.

"त्यास्नी काय झालंय?"

"मला काय ठावं?" साळूबाई म्हणाली. "मला सहा महिनं ठावं न्हाई आन् तुला आज कसं सांगू?"

मग मशीनकडं बोट करून ती म्हणाली, "हे ह्यात राहतंय?"

"रेकॉर्ड चालू व्हतं. कार्डावर हाय. फोनमधी बी एक कॉपी पडती."

"पूस."

"दोन्ही?"

"दोन्ही. माझ्या डोळ्यांदेखत."

रुमानानं आधी कार्डावरचं काढून टाकलं, मग फोनमधलं, मग फोनचा कचरापेटीवाला कप्पाही रिकामा करून दाखवला. तिसरी शिकलेल्या साळूबाईला अक्षरं लागत नव्हती, पण रिकामी जागा दिसत होती. तिनं पडद्यावर बोट फिरवून बघितलं.

"बॅटरी किती राहिली?"

"निम्मी सुद्धा न्हाई. आता ही घेऊन वर जात न्हाई मी. दोन उरल्या. एक जागा सोडाय लागंल."

साळूबाई उठून वेशीकडं निघाली.

मिरवणूक अकराची होती, ती साडेबाराला हलली. वेशीवर मशीन वर गेलं. हलगी कडाडली, फेटे उडाले, लालासाहेब जीपमध्ये कडक उभा. एक बॅटरी तिथंच संपली. जीप चौकात आली, भावकीच्या गल्लीकडं वळली. रुमाना साळूबाईजवळ आली.

"आजी, आता एकच हाय. गल्ली घेऊ का दारातली ओवाळणी?"

जिच्यासाठी हा सगळा घाट घातला होता ती गल्ली समोर होती. हरणाबाईचं निळं दार बंद होतं.

"गल्ली सोड," साळूबाई म्हणाली. "खाली राहू दे मशीन. हात बी लावू नगंस."

जीप निळ्या दारापुढं थांबली. हलगी थांबली. बनाबाईनं, गावाच्या बातम्या जिच्याकडनं निघतात तिनं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "बघा की! सख्खा पुतण्या दारात आन् धाकटी कडी लावून बसलीया. लय गुर्मी गं बाई!"

सगळ्या बायांनी साळूबाईकडं बघितलं. आता जीभ सुटणार, हे गावाला ठाऊक होतं.

"गुर्मी तिची न्हाई, माझी हाय," साळूबाई म्हणाली. "मीच सांगितलं तिला, ताट घेऊन भाईर येऊ नगंस म्हणून. पैला मान माझा. माझं पोरगं हाय, मी ओवाळणार. कुणाला काय म्हणायचंय?"

गावाला ते लगेच पटलं. साळूबाई तशीच आहे, असं बायांनी एकमेकींना डोळ्यांनी सांगितलं. बनाबाईचं तोंड तेवढं उघडंच राहिलं.

साळूबाई जीपजवळ गेली आणि पोराला हळू आवाजात म्हणाली, "मागच्या दारानं एकटा जा. आकाराम भावजींना हाक मार आन् मगच आत पाऊल टाक. काकीच्या पाया पड. तिच्याकडं टकमक बघत बसू नगंस."

"का गं?"

"हवालदार हायस ना? हुकूम हाय."

लालासाहेब गेला. पाच मिनिटांनी परत आला तेव्हा कपाळावर कुंकवाचा वाकडातिकडा टिळा होता आणि डोळे लाल होते. कुणी विचारलं तर धूळ गेली म्हणाला.

दारातली ओवाळणी सुंदर निघाली. दीपमालानं तिसऱ्या दिवशी पिच्चर बघितलं आणि म्हणाली, "आत्या, गल्लीचं कायच न्हाई की ह्यात. वेशीवरनं एकदम घरात."

"बॅटरी सपली व्हती," साळूबाई म्हणाली.

त्याच दुपारी तिनं ताटात पुरणाच्या चार पोळ्या घेतल्या, डोक्यावर पदर ओढला आणि निळ्या दाराची कडी वाजवली. वीस वर्षांत पहिल्यांदा. बराच वेळ कुणी आलं नाही. मग दार हातभर उघडलं. हरणाबाईनं डोकं घट्ट बांधलं होतं.

"मशीन तुझं व्हतं?"

"माझंच."

"बघितलंस?"

"बघितलं. पुसलं बी. मी आन् ती पोरगी, तिसरं कुणी न्हाई."

हरणाबाईनं ताटाकडं बघितलं, मग साळूबाईकडं.

"आभाळातनं येतीस," ती म्हणाली. "दारातनं यायला काय झालं व्हतं गं तुला, सहा म्हैनं?"

साळूबाई ताट धरून उंबऱ्याबाहेर तशीच उभी राहिली. मग हरणाबाईनं दार आणखी हातभर उघडलं आणि वाटेतनं बाजूला सरकली.