सूनबाईचं महिन्याचं दळण

खुशालरावांनी तेल्हाऱ्याला परत जायचं ठरवलं, तेव्हा कुंदाला पहिला संशय आपल्या भाकरीचाच आला. तो अगदीच खोटा नव्हता.

गोष्ट त्रेसष्ट सालच्या थंडीतली. बायको वारल्यावर खुशालराव शेत थोरल्याच्या हवाली करून अमरावतीला धाकट्या रविकांतकडे राहायला आले होते. रविकांत शाळामास्तर, नव्या गोष्टींचं भारी कौतुक असलेला माणूस. त्याच्या घरी गव्हाचा आटा दुकानातून, शिवलेल्या पिशवीत येई. निवडणं नको, चक्कीवर ताटकळणं नको, महिनाभर पोळ्या लाटा आणि मोकळे व्हा! पण जन्मभर ज्वारी खाल्लेल्या म्हाताऱ्याला त्या पोळ्या काही मानवेनात. पोट धरून बसायचे, बोलायचे मात्र नाहीत.

त्याची बायको कुंदा वकिलाची लेक. माहेरी पीठ कुठून येतं हेसुद्धा तिला माहीत नव्हतं. तरी तिनं मनावर घेतलं, कारण सासऱ्यांवर तिचा जीव होता. तिचे वडील गेल्यापासून "जेवली का, बाई?" असं विचारणारं ते एकच माणूस उरलं होतं. तिनं सहा किलो ज्वारी आणि दोन किलो बाजरी निवडली, डबा कमरेवर घेतला आणि सूर्यभानच्या चक्कीवर दोन तास रांगेत उभी राहिली. घरी येऊन गरम पीठ दाबून भरलं, झाकण घट्ट लावलं, डबा चुलीशेजारी ठेवला. पिशवीतला आटा महिनाभर राहतो, मग हे का राहू नये? एवढा साधा तिचा हिशेब.

सुरुवातीला खुशालराव दोन भाकरी खायचे आणि "झाक हाय, सूनबाई," म्हणायचे. पुढे दोनाची एक झाली, एकीची अर्धी झाली. "झाक हाय" तेवढं कायम राहिलं. भाकरी थापताना फाटू लागली, तर कुंदानं आपल्याच हाताला बोल लावला. आणि दळण आणल्याच्या तेराव्या दिवशी जेवता जेवता ते म्हणाले, "उद्याच्या मोटारीनं जातो म्हंतो."

ते ओट्यावर जाऊन बसले. कुंदा ताट उचलायला वाकली आणि रागारागानं त्यांच्या उरलेल्या भाकरीचा तुकडा तोंडात घातला. घरातली बाकी सगळी पोळी खाणारी, म्हणून ही भाकरी तिनं आजवर चाखलीच नव्हती. कडू जहर! तुकडा हातात घेऊन ती तशीच ओट्यावर गेली.

"मामंजी, हे कडू आहे!"

"बाजरी हाय ना, बाई. तिचं पीठ आठ-दहा दिवसांत खवट होते. तुवा तर गरम कोंबलं, मंग त्याले घाम सुटला. अन् जुन्या पिठात जवारीची विरी, चिकटपना, राहत नायी, भाकर फाटते."

"मग सांगितलं का नाही?"

"कोन्या तोंडानं सांगू? दोन घंटे उभी राहून आनलं होतं तू."

"म्हणून निघालात?"

"तसं नायी, पोरी. तेल्हाऱ्याले मले सकाळपासून काम राहे. इथं नुसता बसून राहतो. पीठबी दुकानातून येते. मी कोनाच्या कामाचा?"

कुंदाला रडूच फुटलं. "माझ्या कामाचे आहात. मला पिठातलं ओ की ठो कळत नाही!"

तिनं खवट पीठ शेजारच्या म्हशीला घातलं आणि ताजं धान्य निवडायला घेतलं. मुद्दाम महिन्याचं घेतलं. इतकं दळल्यावर जातील कसे, हा तिचा हट्ट. ती डबा घेऊन निघाली, तसे खुशालराव कुणी न सांगता चपला घालून मागोमाग निघाले.

चक्कीवर सूर्यभान डबा ओतणार, तोच त्यांनी त्याचा हात धरला. "थांब. चार दिवसाचंच दळ."

कुंदानं मनात हिशेब केला. म्हणजे मामंजी आणखी चारच दिवस राहणार.

पीठ पडू लागलं तसं खुशालरावांनी चिमूट चोळून पाहिली. "सूर्यभान, जरा आवळ. जवारी बारीक पाहिजे." मग आपला शेला पसरून त्यावर पीठ निवायला घातलं. म्हाताऱ्याच्या भुवया पिठानं पांढऱ्या झाल्या होत्या, आणि तिनं त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

"अन् पुढच्या वेळेस गहूबी आनू," ते म्हणाले. "त्यात पसाभर जवारी टाकू. रविकांतले त्याच्या पिशवीचा इसर पडला पाहिजे."

"पुढच्या वेळेस?"

"मंग? दर चार दिवसाले कोन येईन इथं? तुले सवड हाय?"

"नाही," कुंदा चटकन म्हणाली, "मला अजिबात सवड नाही."

"तेच म्हंतो," म्हणत खुशालरावांनी डबा खांद्यावर घेतला आणि तिच्या पुढे चालू लागले.